एकास पंचवीस

दूध आंबवण्याच्या कामात माणसाच्या वाट्याला फार थोडे काम येते आणि जे येते त्यातील बहुतेक काम वाट पाहण्याचे असते, ही वस्तुस्थिती पचवणे ज्यांना सर्वांत जड जाते, अशा गृहस्थांचा एक वर्ग अलीकडे महाराष्ट्रातील शहरी स्वयंपाकघरांत उदयास आला आहे. हा वर्ग ओट्यावरील काचेच्या बरणीपाशी सकाळी दात घासता घासता एकदा, कचेरीला निघताना पायांत बूट चढवून झाल्यावर एकदा आणि रात्री दिवे मालवल्यानंतर मोबाइलच्या उजेडात एकदा अशी नेमाने हजेरी लावतो, बरणी तिरकी करतो, तिला नाक लावतो, 'हं' असा उद्गार काढतो आणि काहीही न करता निघून जातो. पुढील विवेचनात सोयीसाठी या गृहस्थास 'केफिरकर्ता' असे म्हटले आहे. केफिरकर्ता बहुधा चाळिशी ओलांडलेला असतो, डॉक्टरांनी त्याला पोटाविषयी काहीतरी सुनावलेले असते आणि तोवरच्या आयुष्यात चहाखेरीज ओट्यावर त्याने काही केलेले नसते. त्यामुळे पहिली बरणी जमल्यानंतर त्याच्या ठायी जो आत्मविश्वास संचारतो, तो चाळीस वर्षे रोज दही लावणाऱ्या त्याच्या मातोश्रींनाही थक्क करणारा असतो.

केफिर हे मूळचे उत्तर कॉकेशस पर्वतातील कराचाय, बाल्कार, ओसेट आदी लोकांचे आंबवलेल्या दुधाचे पेय होय. दही आणि केफिर यांतील मुख्य भेद विरजणाचा आहे. दह्याचे विरजण म्हणजे आदल्या दिवसाचे चमचाभर दही, जे दुधात मिसळून नाहीसे होते; केफिरचे विरजण मात्र घन असते, त्यास 'दाणे' म्हणतात, आणि काम झाल्यावर ते गाळून जसेच्या तसे परत काढता येते. या दाण्यांचा धान्याशी काही संबंध नसून ते फ्लॉवरच्या तुऱ्याच्या बारीक तुकड्यांसारखे दिसणारे, पांढरट व रबरी गोळे असतात. दुधातील साखर आंबवून आम्ल करणारे जिवाणू, तीच साखर खाऊन वायू व किंचित मद्यार्क करणारे यीस्ट म्हणजे किण्व, आणि सिरका करणारे काही जिवाणू, अशी मंडळी त्यांत एकत्र नांदतात. त्यांच्यापैकीच काही जिवाणूंनी तयार केलेला 'केफिरान' नावाचा चिकट, शर्करायुक्त पदार्थ या सर्वांना धरून ठेवतो. तयार केफिर चमचाभर घेऊन दुधात घातल्यास दूध आंबते, परंतु त्यातून दाणे होत नाहीत. दाणे केवळ दाण्यांपासूनच वाढतात, म्हणून ते कोणाकडून तरी मागूनच आणावे लागतात. केफिरकर्त्याच्या स्वभावात पुढे जे अनेक बदल घडून येतात, त्यांचा आरंभ या मागण्यातूनच होतो.

घरातील ज्येष्ठांना हा भेद समजावून देण्याचे प्रयत्न सहसा यशस्वी होत नाहीत. "हे दही पातळ का रे झालं?" असे मातोश्री विचारतात. "आई, हे दही नाही, केफिर आहे," असे तो सांगतो. "बरं. मग दही कधी लागणार?" येथे शास्त्रीय चर्चा संपते.

ज्येष्ठांच्या ज्ञानाचा या कामी उपयोग होतो तितकाच अडथळाही होतो. दह्यासाठी दूध कोमट हवे, हा संस्कार इतका खोल रुजलेला असतो की केफिरच्या बरणीतही कोमट दूध ओतले जाते. वस्तुतः केफिरमधील जिवाणूंना आणि यीस्टला २० ते २५ अंश सेल्सियसची साधी खोलीतील हवा मानवते, आणि दूध चांगले कढत असेल तर दाणे मरूनच जातात. तेव्हा दूध तापवून पूर्ण गार करावे व त्यावरील साय काढून घ्यावी. साय राहिल्यास ती दाण्यांना चिकटते आणि गाळताना साय कोणती व दाणा कोणता हे ठरवण्यासाठी केफिरकर्त्याला वाचण्याचा चष्मा आणावा लागतो. दुसरा संस्कार स्वच्छतेचा. दाण्यांवरील बुळबुळीतपणा पाहून कोणालाही ते नळाखाली खसखसून धुवावेसे वाटते, पण तो बुळबुळीतपणा म्हणजेच केफिरान असून तो धुऊन टाकण्यात आणि नळाच्या पाण्यातील क्लोरीन दाण्यांना पाजण्यात कोणाचेच हित नाही. भांड्यांच्या बाबतीत मात्र अकारण भीती बाळगली जाते. स्टीलच्या गाळणीने दोन मिनिटे गाळल्याने दाण्यांना काही होत नाही. आम्लाशी ज्यांचे जमत नाही ती ॲल्युमिनियमची, तांब्याची व कल्हई गेलेली पितळेची भांडी तेवढी टाळावीत. तरीही पहिल्या आठवड्यातच केफिरकर्ता एक लाकडी चमचा विकत आणतो आणि त्याने भाजी ढवळली म्हणून घरात एकदा तरी शब्दाला शब्द वाढतो.

आता मुख्य प्रश्न प्रमाणाचा. घरगुती केफिरसाठी दाणे व दूध यांचे वजनी प्रमाण साधारणतः एकास वीस ते एकास तीस या दरम्यान ठेवतात. म्हणजे अर्धा लिटर दुधाला निथळलेले २० ग्रॅम दाणे घेतल्यास प्रमाण एकास पंचवीस होते. पोह्याच्या चमच्यापेक्षा मोठा असा वाढायचा चमचा शिगोशिग भरला की अंदाजे इतके दाणे बसतात. बरणी तीन चतुर्थांशच भरावी, तोंडाला मलमलचे फडके बांधावे किंवा झाकण सैल ठेवावे, आणि तिला उन्हापासून व चिलटांपासून दूर ठेवून द्यावे. स्वयंपाकघराचे तापमान २२ अंशांच्या आसपास असेल, तर रात्री नऊ वाजता घातलेल्या दुधाचे दुसऱ्या रात्री नऊच्या सुमारास केफिर होते. पुण्यात जानेवारी महिन्यात हे गणित अगदी तंतोतंत जुळते, आणि बहुतेक केफिरकर्ते नववर्षाच्या संकल्पापोटी या मार्गास लागलेले असल्यामुळे त्यांना वाटते की गणित सुटले. ते 'रात्री नऊ, २० ग्रॅम, अर्धा लिटर' अशी चिठ्ठी लिहून फ्रिजवर चिकटवतात. चिठ्ठी तशीच राहते. दाणे मात्र तसे राहत नाहीत.

दाणे वाढतात. सुस्थितीतील दाणे रोज थोडे थोडे वाढत दोन-तीन आठवड्यांत सहज दुप्पट होतात, आणि ते इतक्या शांतपणे वाढतात की रोज पाहणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही. एका काल्पनिक परंतु शेकडो घरांत घडणाऱ्या उदाहरणाने हे पाहता येईल. १ जानेवारीला २० ग्रॅम दाणे अर्धा लिटर दुधात पडले. २० जानेवारीला तेच दाणे ४० ग्रॅम झाले, पण दूध अर्धा लिटरच राहिल्याने प्रमाण एकास पंचवीसवरून साडेबारावर आले. म्हणजे तितक्याच दुधावर काम करणारे हात दुप्पट झाले. आता केफिर दुपारी दोन-तीन वाजताच तयार होते आणि रात्री नऊपर्यंत बरणीत उभ्या उभ्या आंबट होत राहते. केफिरकर्ता रात्री चव घेतो, तोंड वाकडे करतो आणि दूधवाल्याला फोन लावतो.

"दूध बदललं का हो तुम्ही?"

"नाही साहेब, म्हैस तीच आहे."

या उत्तराने समाधान न होऊन तो पिशवीच्या दुधाकडे वळतो, तेथून टेट्रापॅककडे, तेथून डोंगरातल्या गाईच्या दुधाकडे, आणि प्रत्येक वेळी दाणे मात्र सगळेच्या सगळे काळजीपूर्वक परत बरणीत घालतो. महिन्याअखेरीस त्यांचे वजन ६० ग्रॅमच्या घरात गेलेले असते आणि प्रमाण एकास आठवर आलेले असते. बरणीत सकाळी खाली हिरवट पिवळे पाणी, मध्ये दह्याचे ढेकूळ आणि वर तरंगणारे दाणे असा तीन मजली देखावा दिसू लागतो. "हे नासलंय, अहो," असे पत्नी म्हणते. "नासलेलं नाही, ते सेपरेट झालंय," असे तो म्हणतो. आणि गंमत म्हणजे या वादात तोच बरोबर असतो, पण त्यापुढे काय करावे हे त्याला ठाऊक नसल्यामुळे विजयाचा त्याला उपभोग घेता येत नाही.

उपाय सोपा आहे. आठवड्यातून एकदा दाणे निथळून वजनकाट्यावर ठेवावेत आणि २० ग्रॅमवरचे बाजूला काढावेत. हा उपाय एका वाक्यात लिहिता येत असूनही केफिरकर्त्यांपैकी फार थोड्यांना तो अमलात आणता येतो, कारण बाजूला काढलेल्या दाण्यांचे पुढे काय करायचे, हा प्रश्न उभा राहतो आणि ते टाकून द्यायचे, हे उत्तर त्याला ऐकवत नाही. जो माणूस कचेरीत तीन माणसांची बदली एका सहीने करतो, त्याच्याच्याने १५ ग्रॅम दाणे मोरीत सोडवत नाहीत. त्याऐवजी तो प्रमाण टिकवण्याचा दुसरा मार्ग पत्करतो, म्हणजे दूध वाढवतो. ४० ग्रॅमला एक लिटर, ६० ग्रॅमला दीड लिटर, असा हिशेब गणितदृष्ट्या निर्दोष असतो. केवळ ते केफिर पिणारे घरात कोणी नसते. याच सुमारास दूधवाला त्याला वाकून नमस्कार करू लागतो. केफिर या विषयाचा अभ्यास करणारे पंडितही या दुर्बलतेला अपवाद नसतात, असे त्यांच्या फ्रिजच्या दारातील बरण्या मोजल्यास आढळून येईल.

प्रमाणानंतर वेळेचा विचार येतो. मात्र वेळ ही स्वतंत्र गोष्ट नसून ती दाण्यांच्या प्रमाणावर व हवेच्या उष्णतेवर अवलंबून असते, हे ध्यानात घेतले की चोवीस तासांच्या आकड्याला विशेष अर्थ उरत नाही. एप्रिलमध्ये दुपारी स्वयंपाकघर ३२ ते ३४ अंशांपर्यंत तापते, तेव्हा तेच २० ग्रॅम दाणे तेच अर्धा लिटर दूध दहा-बारा तासांत संपवतात, आणि उष्णतेत यीस्टला अधिक उत्साह येत असल्यामुळे चवीत यीस्टचा उग्रपणा वाढतो. अशा दिवसांत दाणे निम्म्यावर, म्हणजे १० ग्रॅमवर आणावेत, दूध रात्री दहाला घालून पहाटे उठल्याबरोबर बरणी पाहावी, किंवा बरणी गार पाण्याच्या परातीत उभी करावी. घड्याळापेक्षा बरणीवर विश्वास ठेवणे केव्हाही चांगले. केफिर तयार होत आल्याच्या तीन खुणा आहेत. बरणी हळूच तिरकी केली असता दूध पाण्याप्रमाणे न वाहता एकसंध सरकते आणि काचेपासून स्वच्छ सुटते, ही पहिली. तळाशी किंवा दाण्यांच्या भोवती निवळीचे, म्हणजे घट्ट भागापासून सुटलेल्या पाण्याचे, बारीक कप्पे दिसू लागतात, ही दुसरी. याच क्षणी गाळावे, कारण कप्प्यांचा थर होईपर्यंत थांबल्यास उशीर झालेला असतो. तिसरी खूण वासाची, ज्यात आंबटपणा पुढे आणि पावाच्या आंबवलेल्या कणकेचा वास मागे असतो. या खुणा ओळखायला दिवसातून दोनदा पाहणे पुरेसे असते. परंतु दर अर्ध्या तासाने तिरकी केलेली बरणी कधी एकसंध होतच नाही आणि केफिरकर्ता तो दोष दाण्यांच्या माथी मारतो.

वेळ चुकून केफिर फाटले तरी ते वाया गेले असे समजू नये. त्यातील दाणे वेचून उरलेले फडक्यात टांगून ठेवले असता चार-पाच तासांत चक्का मिळतो, आणि खाली गळलेली निवळ थालीपिठाच्या पिठात खपते. फार आंबट झालेले केफिर बेसन लावून कढीत घालण्याचा शोध तर बहुतेक घरांत मातोश्रीच लावतात, व कढी उकळल्यामुळे त्यातील उपकारक जिवाणू मेले, असे केफिरकर्ता भर पंगतीत सांगतो तेव्हा त्या एवढेच म्हणतात, "मेले तर मेले, कढी बरी झालीय." मात्र एका बाबतीत दयामाया उपयोगाची नाही. पृष्ठभागावर पातळ, पांढरी सुरकुतलेली साय आली तर ती बहुधा यीस्टची असते व ती काढून, दाणे नव्या दुधात घालून पुढे जाता येते. पण गुलाबी, नारिंगी, हिरवा किंवा काळा डाग अथवा लवदार बुरशी दिसली, तर केफिर व दाणे दोन्ही टाकून द्यावेत. 'तेवढा भाग काढून बाकीचे वापरू' हा विचार काटकसरी घरांत हमखास सुचतो, आणि तो येथे अजिबात लागू नाही.

साधे केफिर महिनाभर पिऊन झाले की घरातील बाकीची मंडळी त्याकडे फिरकत नाहीत आणि मग केफिरकर्ता दुसऱ्या आंबवणुकीकडे वळतो. दाणे गाळून काढल्यावरही केफिरमध्ये जिवाणू व यीस्ट शिल्लक असतात. त्यात चवीसाठी काही घालून, घट्ट बुचाच्या बाटलीत भरून पुन्हा काही तास बाहेर ठेवणे, यास दुसरी आंबवणूक म्हणतात. दाणे आधी काढायचे ते यासाठी की फळाची आम्ले व तेले त्यांना मानवत नाहीत, शिवाय फळाच्या गरातून दाणे वेचणे हा एक वेगळाच उद्योग होऊन बसतो. या टप्प्यात दोन गोष्टी घडतात. घातलेल्या पदार्थाचा वास केफिरमध्ये उतरतो आणि यीस्टने केलेला वायू बंद बाटलीत कोंडून पेय चुरचुरीत होते. फक्त वास हवा असेल, तर अर्धा लिटर केफिरला संत्र्याच्या सालीची एक लांब पट्टी, पांढरा कडू भाग काढून, किंवा दोन ठेचलेल्या वेलच्या पुरतात. त्यांत साखर जवळजवळ नसल्यामुळे वायूही बेताचा होतो, आणि सहा ते बारा तासांनी साल काढून बाटली फ्रिजमध्ये ठेवली की काम झाले. नवशिक्याने येथपर्यंतच यावे, असे जाणकार सांगतात. नवशिका मात्र थेट हापूसच्या रसावर जातो.

आंब्याच्या रसात भरपूर साखर असते, यीस्टला ती फार आवडते, महिना मे असतो आणि बाटली तारेच्या कडीचे बूच असलेली, म्हणजे हवा जराही बाहेर न सोडणारी असते. केफिरकर्ता अर्धा लिटरच्या बाटलीत गळ्यापर्यंत केफिर व रस भरतो, कारण रिकामी जागा सोडणे त्याला तोट्याचे वाटते. बाटली रात्रभर ओट्यावर ठेवतो, आणि सकाळी पाहुण्यांच्या देखत, टेबलाच्या मधोमध ती उघडतो. यानंतर पंख्याच्या पात्यांवरचे डाग कसे काढावेत, या विषयावर कुटुंबात दीर्घ चर्चा होते. पाहुण्यांपैकी एक जण शर्ट पुसत पुसत म्हणतात, "चव छान आहे हो." हे वाक्य सौजन्याचे असले तरी खोटे नसते, कारण ती चव खरोखर चांगली असते.

त्याच हापूसचे सुरक्षित प्रमाण असे. ४०० मिलिलिटर केफिरमध्ये दोन मोठे चमचे रस घालावा, बाटली तीन चतुर्थांशच भरावी, आणि ३० अंशांच्या वर उष्णता असेल तर चार ते सहा तासांत ती फ्रिजमध्ये हलवावी, कारण थंडीत यीस्टचा वेग मंदावतो. किती वायू झाला हे काचेच्या बाटलीवरून कळत नाही, म्हणून तेच मिश्रण थोडेसे एका लहान प्लास्टिकच्या बाटलीत भरून शेजारी ठेवावे. ती बाटली बोटाने दाबता येईनाशी झाली की काचेची बाटली तत्काळ थंड करावी व पूर्ण गार झाल्यावर मोरीच्या तोंडाशी, बूच हळूहळू सैल करत उघडावी. प्लास्टिकच्या बाटलीस दर तासाला दाबून पाहण्याची मुभा आहे, आणि केफिरकर्त्याच्या हातांना काही तरी काम मिळत असल्याने हा उपाय दुहेरी हिताचा ठरतो. एक अपेक्षाभंगही येथे सांगणे आवश्यक आहे. फळ घातले म्हणजे केफिर गोड होईल, अशी समजूत असते. परंतु जितका वेळ जास्त तितकी फळाची साखर यीस्ट व जिवाणू अधिक खातात, आंबटपणा वाढतो आणि मागे उरतो तो फळाचा वास. ज्याला गोडी हवी, त्याने साखर किंवा मध पेल्यात घालावा. ताजा अननस आणि कच्ची पपई यांच्या वाट्यास तर जाऊच नये, कारण त्यांच्यातील विकरे, म्हणजे पदार्थ फोडणारी प्रथिने, दुधातील प्रथिनांचे तुकडे करतात आणि काही तासांत पेय कडू होते. अननस उकळून घेतल्यास ही विकरे निष्प्रभ होतात. पण हे सांगेपर्यंत बहुतेक केफिरकर्त्यांनी कडू केफिर 'औषधी गुणाचे' म्हणून घरच्यांना पाजलेले असते.

दुसऱ्या आंबवणुकीतच मद्यार्काचा प्रश्नही निघतो व तो बहुधा संकष्टीच्या दिवशी निघतो. "यात दारू असते का रे?" असे मातोश्री विचारतात. घरगुती केफिरमध्ये मद्यार्क साधारणतः एक टक्क्याच्या आतच असतो. मात्र फळाचा रस, बंद बाटली, उष्णता व दीर्घ वेळ हे सर्व एकत्र आले तर तो वाढतो. ज्यांना तेवढाही नको असेल, त्यांनी दुसऱ्या आंबवणुकीच्या वाटेस न जाणे इष्ट. केफिरकर्ता ही माहिती इतक्या सविस्तरपणे देतो की ऐकणाऱ्याचा संशय दुणावतो, आणि त्या दिवसापासून त्याच्या बाटल्यांसाठी फ्रिजमध्ये देवाच्या नैवेद्यापासून लांबचा कप्पा नेमून दिला जातो.

एवढे सगळे झाले तरी वाढलेल्या दाण्यांचा प्रश्न उरतोच. कॉकेशसमध्ये पूर्वी केफिर बकऱ्याच्या कातड्याच्या पिशवीत आंबवत आणि ती दारापाशी टांगून ठेवत, म्हणजे जाता-येता प्रत्येकाने तिला एक ढोसणी द्यावी व आतले दूध ढवळले जावे. त्या लोकांना दाणे ही घराण्याची संपत्ती वाटे व ते परक्याच्या हाती जाऊ नयेत म्हणून फार जपत असत. विसाव्या शतकाच्या आरंभी रशियातील डॉक्टरांना केफिर हवे होते, पण दाणे मिळेनात. तेव्हा एका दुग्धव्यवसायाने इरिना साखारोव्हा या तरुणीला कॉकेशसकडे पाठवले, तेथल्या एका सरदाराने दाणे तर दिले नाहीतच, उलट तिलाच पळवून नेले, आणि सुटकेनंतर न्यायालयात तिने भरपाई म्हणून दहा पौंड दाणे मागून घेतले, अशी कथा सांगितली जाते. कथेतला मीठमसाला बाजूला ठेवला, तरी पुढे मॉस्कोत केफिर सर्रास विकले जाऊ लागले, हे खरे. या कथेतील मर्म आजच्या केफिरकर्त्याला मुळीच उमगत नाही. दहा पौंड दाण्यांसाठी कोणी न्यायालयात जाईल, हेच त्याला खोटे वाटते, कारण दाणे नेणाऱ्याला रिक्षाचे भाडे देण्याची त्याची तयारी असते.

सोसायटीतील लोकांना त्याची चाहूल लगेच लागते. हातात झाकण लावलेली वाटी घेऊन तो जिन्यात दिसला की समोरच्या घरातील टीव्हीचा आवाज बंद होतो. पहिल्या मजल्यावरील वहिनी दार किलकिले करून म्हणतात, "भाऊजी, मागचेच अजून जिवंत आहेत." मागचे जिवंत नसतात, हे दोघांनाही माहीत असते. वाढदिवसाला दाणे, गृहप्रवेशाला दाणे, निवृत्तीच्या निरोपसमारंभाला शाल, श्रीफळ व दाणे, असे वाटत गेल्यावर त्याच्या परिचयाचे वर्तुळ हळूहळू आकसत जाते. वस्तुतः जास्तीचे दाणे खाता येतात, पेल्यातील केफिरमध्ये घालून मिक्सरमधून फिरवता येतात, किंवा फडक्यावर पसरून सावलीत वाळवून पुढच्या संकटासाठी डबीत ठेवता येतात. आणि नेहमीचे दाणे ताज्या दुधात बुडवून फ्रिजमध्ये ठेवल्यास एक-दोन आठवडे निर्वेधपणे राहतात. तरीही केफिरकर्ता चार दिवसांसाठी गावी जाताना बरणी मांडीवर घेऊन बसमध्ये बसतो, हे प्रवासात दर बरणीमागे एका अनोळखी माणसाला केफिरची संपूर्ण माहिती मिळण्याचे प्रमुख कारण आहे.

वाचकांपैकी कोणास या मार्गास लागण्याची इच्छा झाली असेल, तर त्याने दाणे विकत घेण्याच्या भरीस पडू नये. ओळखीत एखादा केफिरकर्ता हटकून असतोच व तो कधीही नाही म्हणत नाही. दाणे नव्या घरी रुळेपर्यंत पहिल्या चार-पाच खेपांना वास उग्र येतो, तेवढे केफिर टाकावे व दूध निम्मेच वापरावे. दाणे मागायला जाताना झाकणाची बाटली आपली न्यावी, वीसच ग्रॅम मागावेत, आणि वजनकाट्यावर स्वतःच्या डोळ्यांनी पाहून घ्यावेत, कारण देणारा नेहमी पन्नास घालतो.